लांब मेसेजला नुसता 👍 आला, तर तो नेमका कशाला आला?

कळंब्याची_सई (धागाकर्ती) · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न एका मैत्रिणीचा आहे. तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून मांडते आहे.

नवरा गोकुळ शिरगावला कारखान्यात. ओव्हरटाइम असला की घरी यायला साडेआठ होतात. परवा दुपारी २.१० ला तिनं हा मेसेज पाठवला:

"अहो, आईंचा रिपोर्ट आला, शुगर वाढलीय, डॉक्टरांनी शुक्रवारी बोलावलंय. काल जेवताना सगळ्यांसमोर 'तुला काय कळतंय' म्हणालात ते मला लागलं. अजून डोक्यातनं जात नाही. येताना एक लिटर म्हशीचं दूध आणा."

२.२२ ला उत्तर आलं: 👍

बास, एवढंच. तिथून साडेआठपर्यंत तिचा दिवस त्या अंगठ्यातच गेला. आधी वाटलं, रागावलेत. मग वाटलं, मला लागलं ह्याची त्यांना किंमतच नाही. मग तिनं स्क्रीनशॉट काढून चार मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. एक म्हणाली दुर्लक्ष करायलेत, दुसरी म्हणाली टोमणा आहे, तिसरी म्हणाली सगळ्यांचे नवरे असेच. चौथीनं त्या स्क्रीनशॉटलाच 👍 दिला. ५.१५ ला हिनं नवऱ्याला विचारलं, "रागावलाय का?" उत्तर, "नाही." ५.२० ला परत, "मग नुसता अंगठा का?" ह्यावर काहीच उत्तर नाही.

एका चिन्हावर माणूस एवढा का अडकतो? आणि २.२२ ते ८.३० ह्या वेळात तिनं नेमकं काय करायला हवं होतं? "मनाला लावून घेऊ नको" हे तिला सगळ्यांनी सांगून झालंय, त्यानं काही होत नाही. करता येईल असं काही असेल तर सांगा.

---

भाऊ_गंगावेश · रात्री १०.०५

ताई, मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काम करायचं नाही, ठेंगा दाखवायचा. आपल्या मनात तो अर्थ पिढ्यान्‌पिढ्या बसलाय. तेव्हा मैत्रिणीला लागलं ह्यात तिची चूक नाही. हे चिन्ह बाहेरून आलंय, आपल्या भाषेत त्याचा अर्थ उलटा आहे. मोठ्या माणसांना अंगठा पाठवूच नये, "हो" असे सरळ लिहावे.

---

यंत्रमाग_इचलकरंजी · रात्री १०.१२

चुकून दिलेली रिॲक्शन काढायची असेल तर तिच्यावर बोट ठेवा आणि आपल्या नावाची ओळ दाबा, निघून जाते. पण समोरच्यानं आधीच बघितली असेल तर उपयोग नाही.

---

कळंब्याची_सई · रात्री १०.१५

@यंत्रमाग_इचलकरंजी दादा, धन्यवाद, पण प्रश्न काढायचा नाही हो. आलेल्या अंगठ्याचा अर्थ कसा लावायचा हा आहे. शिवाय ती रिॲक्शन नव्हती, खाली वेगळा मेसेज म्हणून आलेला अंगठा होता.

---

वैशाली_राजारामपुरी · रात्री १०.५०

सई, तू शेवटी लिहिलंस तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून तिथूनच सुरू करते. नवरा-बायकोंच्या समुपदेशनाचं काम करताना हा प्रकार सतत समोर येतो. बहुतेक वेळा सगळे त्या चिन्हाकडं बघत बसतात आणि ज्या मेसेजला ते आलं तो कुणी परत वाचत नाही.

तिचा मेसेज परत वाच. त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्ट ही बातमी आहे. "मला लागलं" हे दुखणं आहे. दूध हे काम आहे. बातमीला "बघितलं" एवढं उत्तर पुरतं, कामाला "आणतो" पुरतं, दुखण्याला मात्र ह्यातलं काहीच पुरत नाही. आता एकच अंगठा आला, तर तो तिघांतल्या कशाला? वाचणाऱ्याचं लक्ष साधारण शेवटच्या ओळीवर थांबतं, आणि शेवटची ओळ दुधाची होती. त्यानं दुधाला अंगठा दिला असण्याची शक्यता भरपूर आहे. पण तिच्या मनात दिवसभर मधलीच ओळ ठुसठुसत होती, त्यामुळं तिच्या लेखी तो अंगठा मधल्या ओळीला आला. "मला लागलं" ह्याला 👍 म्हटल्यावर कुणालाही तो थंडच वाटणार.

माणूस का अडकतो, त्याचं मुख्य कारण हेच. लिहिणाऱ्याला स्वतःचा मेसेज त्याच्या सुरासकट ऐकू येत असतो. कोणती ओळ जड आहे हे त्याला इतकं स्पष्ट असतं, की समोरच्यालाही ते दिसलंच असणार असं तो धरून चालतो. ह्यावर २००५ मध्ये अमेरिकेत क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग गाजले. विद्यार्थ्यांनी काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधानं एकमेकांना कळवायची, कधी ईमेलनं तर कधी आवाजात. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की साधारण ७८ टक्के वेळा समोरच्याला सूर बरोबर ओळखता येईल. आवाजात तो ७३ टक्क्यांच्या आसपास ओळखता आला. ईमेलवर ५६ टक्के, म्हणजे छापा-काटा करण्यापेक्षा जेमतेम बरा. मला मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की ईमेल लिहिणाऱ्यांनाही आवाजाइतकीच खात्री वाटत होती. ती तर पूर्ण वाक्यं होती. इथं एकच चिन्ह आहे. रिकामी जागा जितकी मोठी, तितकं वाचणारा आपल्या पदरचं भरतो, आणि तिच्या पदरात त्या दिवशी आदल्या रात्रीचा अपमान होता.

@भाऊ_गंगावेश भाऊ, वाक्प्रचाराचं तुमचं बरोबर आहे, आणि मन आधीच दुखलेलं असलं की तो अर्थ पटकन वर येतो हेही खरं. पण ठेंगा दाखवताना माणूस अंगठा नाचवतो, तोंडानं बोलतो, समोर उभा असतो. मोबाइलवर अंगठा पाठवणाऱ्या नवऱ्याच्या मनात तो वाक्प्रचार असतोच असं धरता येत नाही. वाचणाऱ्याच्या मनात काय आलं आणि पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोटाळा त्या एक धरण्यात आहे.

---

शिरोलीचा_मोल्डर · रात्री ११.३०

फाउंड्रीतला माणूस म्हणून सांगतो. गोकुळ शिरगाव काय आणि शिरोली काय, शॉपवर फोन हातात घेऊन बसता येत नाही. हातमोजे असतात, हाताला वाळू-काजळी असते. फोन वाजला तर स्क्रीनवर जेवढं वर दिसतं तेवढंच बघायचं. मोठा मेसेज असला तर नोटिफिकेशनमध्ये सगळा दिसत नाही. "शुगर वाढलीय, शुक्रवारी बोलावलंय" एवढंच बघून "बरं, कळलं" म्हणून अंगठा दिला असंल तर मधली ओळ त्यानं वाचलेलीच नसंल. वैशालीताई म्हणतात शेवटची ओळ, मी म्हणतो पहिली. कायबी असंल, मधली ओळ दोन्हीत मार खाते.

आणि ५.२० ला उत्तर आलं नाही त्याला कारण शोधायला नको. तेव्हा चहाची सुट्टी संपलेली असते.

---

कळंब्याची_सई · रात्री ११.३८

हा विचार डोक्यात आलाच नव्हता. पण दादा, निळ्या टिका आल्या होत्या.

---

शिरोलीचा_मोल्डर · रात्री ११.४४

निळी टिक म्हंजे चॅट उघडलं. वाचलं असं नव्हं. उघडून, खालचं दूध बघून, अंगठा टाकून फोन खिशात. दहा सेकंदाचं काम आहे ते.

---

काळा_कोट_कोल्हापूर · बुधवार, सकाळी ७.५५

ह्याच अंगठ्यावर कोर्टांना डोकं लावावं लागलंय, म्हणून दोन निकाल सांगतो. दोन्हीत निघालेले अर्थ एकमेकांपेक्षा अगदी वेगळे आहेत.

कॅनडात सस्कॅचेवन प्रांतातल्या एका शेतकऱ्याला धान्य खरेदीदारानं जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि करार मान्य असल्याचं कळवायला सांगितलं. त्यानं 👍 पाठवला. माल काही दिला नाही, आणि नंतर म्हणाला की "करार मिळाला" एवढंच मला सांगायचं होतं. २०२३ मध्ये कोर्टानं तो अंगठा संमती धरला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई लावली. का, तर ह्याच दोघांतले आधीचे करार बघितले गेले. पूर्वी अशाच फोटोंना शेतकऱ्यानं "ओके", "यप" असली एकेका शब्दाची उत्तरं दिली होती आणि दर वेळी माल पोचवला होता. म्हणजे त्या दोघांत त्रोटक उत्तराचा अर्थ "मान्य" असाच ठरून गेलेला होता.

दुसरा निकाल मद्रास उच्च न्यायालयाचा, २०२४ चा. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका शिपायानं अधिकाऱ्याच्या खुनासंबंधीच्या व्हॉट्सॲप मेसेजला 👍 दिला. खात्यानं त्याचा अर्थ "खुनाचा आनंद" असा लावून त्याला नोकरीतून काढलं. न्यायालय म्हणालं, हे चिन्ह "ओके" ह्याला पर्याय म्हणूनही वापरतात, त्यानं मेसेज बघितल्याची पोच दिली असं धरता येतं. कामावर परत घेण्याचा आदेश कायम राहिला.

चिन्ह तेच, एकात "मान्य", दुसऱ्यात नुसतं "बघितलं". अर्थ चित्रात सापडला नाही. ह्या माणसानं ह्या आधी अशा जागी काय केलं होतं आणि मेसेज काय होता, तिथं तो सापडला.

---

वैशाली_राजारामपुरी · सकाळी ९.२०

वकीलसाहेब, फार कामाचं सांगितलंत. घरात हेच कसं करायचं ते आता लिहिते.

अंगठा आल्यावर पहिलं काम हे, की त्याच माणसाची आधीची उत्तरं बघायची. दुसऱ्या नवऱ्यांची नाही, मैत्रिणींच्या नवऱ्यांची तर नाहीच. त्याच चॅटमध्ये मागं जाऊन त्याची शेवटची वीसएक उत्तरं बघायची, आणि तीही कामाच्या वेळेतली, कारण रात्री घरातून लिहिणारा माणूस आणि शॉपवरून लिहिणारा माणूस हे दोन वेगळे लिहिणारे असतात. समजा वीसपैकी चौदा ठिकाणी नुसता अंगठा किंवा "हं" आहे. मग आजचा अंगठा काहीच सांगत नाही. तो रागाचाही नाही आणि प्रेमाचाही नाही, दुपारी अडीचला हा माणूस असाच लिहितो. समजा उलटं आहे, एरवी दोन ओळी तरी लिहितो आणि आजच अंगठा आला. मग आज काहीतरी वेगळं आहे एवढं कळतं. पण वेगळं काय, हे अजूनही कळत नाही. मशिन बिघडलं असेल, साहेब ओरडला असेल, किंवा खरंच तिचं वाक्य टोचलं असेल. बदल दिसला म्हणजे कारण दिसलं असं होत नाही, आणि माणसं नेमकी इथं उडी मारतात.

एक मर्यादा पाळायची. हे एकदाच करायचं, पाच मिनिटांत. लग्नाआधीच्या मेसेजपर्यंत मागं जाऊन "तेव्हा कसे लिहायचे आणि आता बघा" हे सुरू झालं, की ते तपासणं राहत नाही, जखम उकरणं होतं.

दुसरं, तिनं जे विचारलं त्याबद्दल. "रागावलाय का?" ह्या प्रश्नाला "हो" म्हटलं तर शॉपवरून भांडण सुरू, आणि "नाही" म्हटलं तर ती विश्वास ठेवणार नाही. कुठलंही उत्तर तिला शांत करू शकत नव्हतं, म्हणूनच पाच मिनिटांत दुसरा प्रश्न गेला. अशी खात्री मागण्याचा गुण असा की मिळालेली खात्री फार वेळ टिकत नाही, परत मागावी लागते. समोरचा कंटाळून आणखी त्रोटक होतो, आणि त्या त्रोटकपणातून नवा पुरावा तयार होतो.

तिच्या जागी मी एकच मेसेज पाठवला असता, आणि त्यात त्याच्या मनाचा अंदाज घेतला नसता. असा:

"अंगठा दुधाला धरते. काल जेवतानाच्या बोलण्याबद्दल मला बोलायचंय, आज रात्री जेवण झाल्यावर. आत्ता उत्तर नको."

ह्यात तीन गोष्टी होतात. अंगठा कशाला धरला ते तिनंच ठरवून सांगितलं, चुकीचा असेल तर तो दुरुस्त करेल. जड गोष्ट मेसेजमधून बाहेर काढून समोरासमोर नेली. आणि "आत्ता उत्तर नको" म्हटल्यामुळं पुढचे तीन-चार तास उत्तर न येण्याला काही अर्थच राहिला नाही. तिच्यासाठी ह्यातला शेवटचा भाग सगळ्यात मोठा.

---

पन्हाळ्याची_वाट · सकाळी १०.१०

मला ह्यातलं वीस उत्तरं मोजणं पटलं नाही. ज्या बाईचं डोकं आधीच त्या अंगठ्यात अडकलंय तिला तुम्ही आणखी वीस चिन्हं बघायला लावताय. हे अतिविश्लेषण थांबवणं आहे की त्याला पद्धत लावून देणं आहे? ज्यांना ही सवय जडलेली असते ती माणसं पाच मिनिटांत थांबत नाहीत.

---

वैशाली_राजारामपुरी · सकाळी १०.३५

आक्षेप रास्त आहे. काही जणांच्या बाबतीत हे मोजणं उलटतं. मी अशी ओळख ठेवते: मोजल्यावर "बरं, हे तर नेहमीचंच" म्हणून फोन खाली गेला, तर उपयोग झाला. मोजल्यावर "पण तेव्हा अंगठ्यापुढं टिंब नव्हतं, आज आहे" असं काहीतरी नवं सापडायला लागलं, तर त्या माणसानं मोजूच नये, सरळ दुसऱ्या पायरीवर, म्हणजे त्या एका मेसेजवर जावं. कुणाला काय लागू पडेल हे आधी सांगता येतंच असं नाही, एवढं मी मान्य करते.

---

तन्मय_विद्यानगर · सकाळी ११.०२

माझंपण असंच आहे. मित्राला प्रोजेक्टच्या फाइलसाठी तिसऱ्यांदा मेसेज केला तर त्यानं 🙏 पाठवला. आता हा नमस्कार आहे, सॉरी आहे, की "बास कर बाबा, हात जोडले तुझ्यापुढं" हे आहे? दोन दिवस झाले, मीपण बोललो नाही. मैत्री संपली का?

---

भाऊ_गंगावेश · सकाळी ११.२०

तिसऱ्या आठवणीला 🙏 म्हणजे "हात जोडले" हेच. आणखी काय असणार!

---

वैशाली_राजारामपुरी · सकाळी ११.४५

भाऊ, तेही असू शकतं आणि "माफ कर, राहिलंच" हेही असू शकतं. आपल्याकडं एकाच जोडलेल्या हातांत नमस्कार, आभार, माफी, श्रद्धांजली आणि "पुरे आता" एवढं सगळं भरलेलं आहे. ह्यातलं कुठलं, हे आपण इथं बसून ठरवलं तर तन्मयचा मित्र आपल्यासाठी कागदावरचं पात्र होईल.

तन्मय, तुझ्या प्रश्नाला फाइल हे उत्तर होतं, आणि ती आली की नाही एवढंच सध्या नक्की माहीत आहे. फोन कर. मेसेज नको. "फाइल कधी देतोस, मला गुरुवारी लागणार" एवढंच विचार, 🙏 चा विषय काढू नकोस. त्याच्या आवाजात राग असेल तर पहिल्या दोन वाक्यांत कळेल. दोन दिवस तू गप्प राहिलास त्याचा अर्थ तोही लावत बसला असेल.

---

स्नेहल_रुईकर · दुपारी १.३०

मला वाटतं फोन-फोनचा फरक पण बघायला पाहिजे. एकच इमोजी वेगळ्या फोनवर वेगळी दिसते. मोबाइल कंपन्या आपापली चित्रं काढतात. त्यामुळं गैरसमज होतात असं संशोधन झालंय.

---

काळा_कोट_कोल्हापूर · दुपारी १.५०

संशोधन झालंय, पण त्यातला दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. मिनेसोटा विद्यापीठातल्या गटानं २०१६ मध्ये ते केलं. वेगवेगळ्या फोनवरची 😁 किती निराळी वाटते ते त्यात दिसलं. ॲपलच्या तेव्हाच्या चित्रात दात आवळल्यासारखे दिसायचे, नंतर ते बदललं. पण दोघांना अगदी एकाच फोनवरचं एकच चित्र दाखवलं, तरी ते चांगल्या भावनेचं, वाईट की मधलं ह्यावर सुमारे २५ टक्के वेळा एकमत झालं नाही. म्हणजे फोन सारखे केले तरी प्रश्न मिटत नाही. आणि इथला विषय अंगठा आहे, तो कुठल्याही फोनवर अंगठाच दिसतो.

---

स्नेहल_रुईकर · दुपारी १.५८

अंगठ्याबाबत बरोबर. पण चेहऱ्यांत घोटाळा आहेच. 😪 ह्याला सगळे रडका समजतात, त्याचं नाव झोपाळू चेहरा आहे, नाकाला फुगा आलाय तो जपानी चित्रकथांतला झोपेचा. आणि 😤 ला आपण रागावलेला म्हणतो, तो मुळात विजयाच्या जोमाचा. मैत्रिणीनं "आज परीक्षा झाली 😪" लिहिलं तर धीर द्यायला धावण्याआधी एकदा विचारलेलं बरं.

---

वैशाली_राजारामपुरी · दुपारी २.१५

स्नेहल, हे उपयोगी आहे, फक्त नावावरून अर्थ ठरवायला नको. तुझी मैत्रीण ते रडकं समजूनच पाठवत असेल तर तिच्यापुरता तो रडकाच आहे. परत तेच, ह्या माणसानं आधी तो कुठं वापरला?

सईच्या मूळ प्रश्नातली ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटची गोष्ट राहिली, त्यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण नुकसान बहुतेक वेळा तिथं होतं. त्या चौघींकडं नवऱ्याची आधीची उत्तरं नाहीत. त्यांच्याकडं फक्त मैत्रिणीचा हुंदका आणि एक अंगठा आहे. त्या प्रेमापोटी तिच्या बाजूनं बोलणार, म्हणजे तिला जी भीती वाटते तीच त्यांच्या तोंडून परत येणार. तीन जणी "दुर्लक्ष, टोमणा, सगळे असेच" म्हणाल्या की तीन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, पण साक्षीदार एकही नाही, एकाच भीतीचे तीन आवाज आहेत. आणि संध्याकाळी नवरा घरी येतो तेव्हा ज्या गोष्टीवर त्याच्याशी एक शब्द झालेला नाही तिचा निकाल बाहेर लागून गेलेला असतो. त्याला कळलं की आपला मेसेज चौघींनी बघितला, तर नवं भांडण त्यावरून. मन मोकळं करायला मैत्रीण हवीच. मग तिला सांगावं, "काल मला असं असं बोलले, वाईट वाटलं." अंगठ्याचा अर्थ तिला विचारू नये.

---

शिरोलीचा_मोल्डर · दुपारी ३.४०

पाठवणाऱ्यानं काय करावं तेबी लिवा की. सगळं बायकांनीच करायचं व्हय?

आमच्यासारख्यानं एवढं केलं तरी बास: अंगठ्यापुढं दोन शब्द. "👍 दूध आणतो." मग उरलेल्याला अंगठा नाही हे आपोआप कळतंय. आणि मधली ओळ वाचली असंल पण आत्ता लिवता येत नसंल तर "बाकीचं घरी बोलू." हे टाइप करायला अंगठ्यापेक्षा फार तर दहा सेकंद जास्त. मोजे काढल्याशिवाय जमत नसंल तर सुट्टीपर्यंत काहीच पाठवू नये. अर्धवट अंगठ्यापेक्षा उशिराचं उत्तर बरं, असं माझं मत.

---

पन्हाळ्याची_वाट · दुपारी ४.०५

उशिराच्या उत्तराबद्दल शंका आहे. निळी टिक दिसते आणि उत्तर नाही, ह्यानं काही जणांचा जीव अंगठ्यापेक्षा जास्त टांगणीला लागतो.

---

स्नेहल_रुईकर · दुपारी ४.२०

मग दोघांनी खुणा ठरवून घ्याव्या. 👍 म्हणजे वाचलं, काम करतो. ❤️ म्हणजे वाचलं, रात्री बोलू. प्रश्नच मिटला.

---

वैशाली_राजारामपुरी · दुपारी ५.००

काही जोड्यांना खुणा ठरवून फार सोपं पडतं, विशेषतः शिफ्टवाल्या घरात. पण एक धोका सांगून ठेवते. खूण ठरली की ती चुकण्याचीही सोय होते. एखाद्या दिवशी घाईत ❤️ ऐवजी 👍 गेला, तर पूर्वी तो नुसता अंगठा होता, आता तो "ठरलेलं असूनही दिला नाही" असा होतो. म्हणून ठरवायचंच असेल तर एकच खूण ठरवावी, आणि तीही "आत्ता जमत नाही, नंतर बोलतो" एवढ्यापुरती. प्रेमाला खूण ठरवू नये. ह्यावर माझ्या ओळखीच्या समुपदेशकांतही दोन मतं आहेत.

आणखी एक गोष्ट, कारण वरचं सगळं "तो बिचारा कामात होता" ह्या दिशेनं गेलंय. कधीकधी थंडपणा खरा असतो. तो एका अंगठ्यावरून कळत नाही, पण दोन-तीन आठवडे बघितलं तर कळतो, आणि मोबाइलच्या बाहेर कळतो. फोनवर बोलणं तुटक झालं का, जेवताना गप्प असतो का, ठरलेल्या गोष्टी सुटतात का, समोर विषय काढला की उठून जातो का? हे सगळं एका दिशेनं जात असेल तर अंगठ्याची चर्चा सोडून त्याबद्दल बोलावं. आणि घरात कुणी उत्तराला उशीर झाला किंवा इमोजी चुकली म्हणून ओरडतं, फोन तपासतं, शिक्षा म्हणून अबोला धरतं, तर तिथं गैरसमजाचा प्रश्न नाही, धाकाचा आहे, आणि वरचे उपाय तिथं चालणार नाहीत. असल्या काळजीनं रोजची झोप जात असेल तर १४४१६ ह्या टेलि-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

---

कळंब्याची_सई · गुरुवार, रात्री १०.२५

मैत्रिणीला धागा वाचून दाखवला. तिनं कालच्या रात्री जेवण झाल्यावर विषय काढला, अंगठ्याचा नाही, जेवतानाच्या बोलण्याचा. मग शेवटी अंगठा कशाला होता ते विचारलं.

म्हणाला, दुधाला. पण मधली ओळ वाचली होती. वाचून त्यावर काय लिहावं ते सुचलं नाही, आणि तिथं उभ्या उभ्या "चुकलं" लिहायला जड गेलं, म्हणून दुधाला अंगठा देऊन फोन ठेवला. रागावला नव्हता. मोल्डरदादा म्हणतात तसं न वाचताही पाठवलं नव्हतं.

म्हणजे तिनं दिवसभर जे अर्थ लावले त्यातला एकही बरोबर नव्हता, आणि आपण इथं लावलेलेही अर्धेच.

---

भाऊ_गंगावेश · रात्री १०.४०

सुचलं नाही म्हणून अंगठा, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आता प्रश्न असा, की ज्याला सुचत नाही त्यानं काय पाठवावं? "बाकीचं घरी बोलू" हेसुद्धा लिहायला जड जाणारी माणसं आहेत.

---

शिरोलीचा_मोल्डर · रात्री ११.१०

"वाचलं" एवढं तरी लिवावं, भाऊ. एकच शब्द, आणि त्यात खोटं काय नाही.

---

पन्हाळ्याची_वाट · रात्री ११.२२

"मला लागलं" ह्याला नुसतं "वाचलं" आलं तर मला तरी ते अंगठ्याइतकंच टोचेल. दुसरं कुणाला काही सुचतंय का?